क्लासला ॲप पाहिजे की वेबसाइट? बार्शीतल्या एका क्लासच्या पोर्टलचं पूर्ण प्रकरण

मे २०२४. बार्शीत ज्या क्लासला मी स्वतः अकरावी बारावी केली तिथल्या सरांचा फोन आला, "अगं, आपल्याला ॲप करायचंय, गावाकडं आलीस की ये एकदा." मी वेबसाइट बनवण्याचं काम करते हे त्यांना माहिती होतं. क्लास छोटा आहे, आठवी ते बारावी मिळून साधारण २६० मुलं, चार खोल्या, ऑफिसात मॅडम आणि एक मदतनीस दादा. निम्मी मुलं वैराग, पांगरी अशा बाजूच्या गावांतून एसटीने येतात. ही शेवटची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली म्हणून आधीच सांगते.

सरांना ॲप का पाहिजे होतं त्याचं कारण खरं होतं, उगाच हौस नव्हती. ॲडमिशनच्या वेळी दोन-तीन पालकांनी विचारलं होतं की तुमचं ॲप आहे का, आणि समोरच्या क्लासचं होतं. त्यात एका कंपनीचा माणूस येऊन डेमो देऊन गेला होता, तयार ॲप, त्यावर क्लासचं नाव आणि लोगो, वर्षाला ३५ हजार. हजेरी, मार्क, फी, व्हिडिओ, चॅट, सगळं होतं त्यात. सरांचा निर्णय जवळपास झालाच होता, मला फक्त "बघून घे, बरोबर आहे का" एवढंच विचारायचं होतं.

मी त्यांना म्हणलं सर, आठ दिवस द्या, ऑफिसात बसून बघते की लोक तुम्हाला फोन करून नक्की विचारतात काय. जूनमध्ये तीन दिवस मॅडमशेजारी वही घेऊन बसले. तीन दिवसांत ६४ फोन आले. त्यातले २७ एकाच प्रश्नाचे, आज क्लास आहे का, वेळ बदललीय का, सर येणार आहेत का. गावातून एसटीने यायचं तर हे आधी कळायलाच पाहिजे, मूल येऊन परत गेलं तर अख्खा दिवस वाया आणि पालक चिडणारच. १५ फोन मार्कांचे, ११ फोन फी किती राहिली आणि पावती मिळाली नाही याचे, उरलेले ॲडमिशनचे आणि किरकोळ.

वहीत लिहिताना मला जे दिसलं त्यावरच पुढचा सगळा निर्णय झाला. यात दोन वेगळी कामं आहेत आणि सगळे त्यांना एकच समजत होते. "आज क्लास नाही" ही गोष्ट क्लासने पालकांपर्यंत पोचवायची आहे, पालक काही उघडून बघणार नाहीत, कारण बघायचं आहे हेच त्यांना माहीत नसतं. मार्क आणि फी मात्र पालक स्वतः बघायला येतात, महिन्यातून एकदा, टेस्ट झाली की. पोर्टल, म्हणजे लॉगिन करून आपापली माहिती बघायची जागा, हे दुसऱ्या कामासाठी लागतं. पहिल्या कामासाठी काय लागतं हा वेगळा प्रश्न आहे आणि ॲप घेतलं की तो आपोआप सुटतो असं नाही.

सुटत का नाही ते सांगते. ॲपचं नोटिफिकेशन पाठवलं म्हणजे पोचलं असं नसतं. आपल्याकडे बहुतेकांकडे जे दहा-बारा हजारांचे फोन असतात त्यातल्या बऱ्याच कंपन्या बॅटरी वाचवायला न वापरलेली ॲप मागून बंद करतात, मग नोटिफिकेशन उशिरा येतं किंवा ॲप उघडल्यावरच येतं. व्हॉट्सॲपला हा त्रास कमी, कारण माणूस ते दिवसातून पन्नास वेळा उघडतो आणि बऱ्याच फोनमध्ये कंपनीनेच त्याला सूट दिलेली असते. महिन्यातून एकदा उघडायचं क्लासचं ॲप मात्र पहिल्यांदा झोपवलं जातं. आणि अँड्रॉइड १३ पासून ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, घाईत "नको" दाबलं की संपलं.

मग रविवारी पालक मीटिंग होती तिथे सरांच्या परवानगीने एक प्रयोग केला. ४० पालकांना म्हणलं की प्ले स्टोअरवरून एक साधं ॲप टाकून दाखवा, कुठलंही. ११ जणांच्या फोनमध्ये जागाच नव्हती, फोटो आणि व्हिडिओंनी भरलेलं. ५ जणांना गुगल अकाउंटचा पासवर्ड माहीत नव्हता, फोन दुकानदाराने सेट करून दिलेला. म्हणजे ४० तले १६ दारातच अडकले, आणि हे असे पालक होते जे सुट्टीच्या दिवशी मीटिंगला आले होते. त्याच लोकांना मी व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली आणि उघडायला सांगितली तर सगळ्यांनी उघडली, एका आजोबांनी सुद्धा, ते नातवासाठी आले होते.

आता ॲपच्या बाजूचा हिशेब. गुगल प्लेचं डेव्हलपर अकाउंट एकदाच २५ डॉलरला मिळतं, ते काही जास्त नाही. पण नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक अकाउंटला ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी क्लोज्ड टेस्टिंग करावी लागते, म्हणजे आधी ठरावीक लोकांनाच ॲप वापरायला द्यायचं, तेव्हा २० टेस्टर सलग १४ दिवस लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये टेस्टर १२ केले. आयफोनसाठी ॲपलचं अकाउंट वर्षाला ९९ डॉलर, आणि मीटिंगला आलेल्या ४० जणांत आयफोन तिघांकडे होता, पण तीन म्हणून त्यांना मार्क दाखवायचेच नाहीत असं कसं करणार. त्यावर गुगल दरवर्षी नवीन अँड्रॉइडला धरून ॲप अपडेट करायला लावतं, नाही केलं तर नवीन फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसायचं बंद होतं. म्हणजे ॲप एकदा बनवून सोडून देता येत नाही, त्याला दरवर्षी कोणीतरी हात लावावा लागतो, आणि क्लासमध्ये तो कोणीतरी नसतो.

३५ हजारवाल्या तयार ॲपमध्ये हे सगळं ती कंपनी बघते हे खरंय. पण मी सरांना त्यांचं करारपत्र नीट वाचायला लावलं. ॲप कंपनीच्या अकाउंटवर राहणार, म्हणजे पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर मुलांच्या फोनमधलं ॲप रिकामं होणार आणि दुसरीकडे गेलं की सगळ्यांना नवीन ॲप टाकायला लावायचं. मार्कांचा डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सरांना हे पटलं, पैशांपेक्षा हेच जास्त पटलं.

मग ठरलं असं. पोर्टल म्हणजे मोबाइलवर नीट दिसणारी वेबसाइट. "आज क्लास नाही" साठी बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप आधीच होते ते तसेच ठेवायचे, फक्त त्यात शिक्षकांशिवाय कोणी लिहायचं नाही अशी सेटिंग करायची, कारण आधी गुड मॉर्निंगच्या फोटोंत सूचना बुडून जायच्या. आणि मूल गैरहजर असेल तर पालकांना एसएमएस. एसएमएससाठी डीएलटी नोंदणी लागते, म्हणजे टेलिकॉम कंपनीकडे पाठवणाऱ्याची आणि मेसेजच्या मजकुराची आधी नोंद करायची, आणि टेम्प्लेट जसं मंजूर झालंय तसंच पाठवावं लागतं, एक शब्द बदलला की मेसेज अडतो. मराठीत मेसेज लिहिला तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, इंग्रजीत १६०, म्हणून "पाल्य आज क्लासला गैरहजर" एवढंच, मुलाचं नाव आणि क्लासचं नाव असं आटोपशीर टेम्प्लेट केलं, नाहीतर प्रत्येक मेसेजचे दोन मेसेजचे पैसे गेले असते.

मार्कांची एक वाईट सवय पण यात सुटली. आधी टेस्ट झाली की सगळ्या बॅचच्या मार्कांच्या यादीचा फोटो ग्रुपवर टाकायचे. ६० मुलांचे मार्क, ६० घरांत. एका मुलीच्या आईने मॅडमना रडत फोन केला होता. आता ग्रुपवर फक्त "युनिट टेस्ट ३ चे मार्क लागले" आणि लिंक, आपापलं लॉगिन करून बघायचं.

बनवताना फार काही भारी केलं नाही, पीएचपी आणि मायएसक्यूएल, साधं शेअर्ड होस्टिंग, डोमेनसकट वर्षाला पाच हजारांच्या आत. लॉगिन पालकांच्या मोबाइल नंबरवर ओटीपीने, पण एका फोनवर एकदा केलं की ९० दिवस परत मागायचा नाही, नाहीतर दर वेळी एसएमएसचे पैसे आणि दर वेळी "ओटीपी येत नाही" चे फोन. मार्कांचं टेबल लॅपटॉपवर आठ रकान्यांचं होतं, मोबाइलवर ते आडवं सरकवायला लागायचं आणि पालकांना सरकवायचं असतं हेच कळत नव्हतं, त्यांना वाटायचं गणिताचे मार्कच दिलेले नाहीत. म्हणून छोट्या स्क्रीनवर प्रत्येक टेस्टचा वेगळा ठोकळा केला, विषय आणि मार्क खाली खाली. वेगळा मराठी फॉन्ट टाकायचा मोह होता पण देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात, फोनमध्ये असलेलाच वापरला आणि पांगरीच्या कमी नेटवर्कमध्ये पण पान पटकन यायला लागलं.

आता या प्रकरणातला सगळ्यात मोठा घोळ, जो मी केला. वेबसाइट असून ॲपसारखी वाटावी, नेट नसताना पण वेळापत्रक दिसावं म्हणून मी सर्व्हिस वर्कर टाकला. सर्व्हिस वर्कर म्हणजे वेबसाइटची एक छोटी स्क्रिप्ट जी ब्राउझरमध्ये बसून राहते आणि पान मागितलं की ते सर्व्हरकडून आणायचं की फोनमध्ये साठवलेलं द्यायचं हे ठरवते. त्यात मी असं लिहिलं होतं:

```js
self.addEventListener('fetch', e => {
  e.respondWith(
    caches.match(e.request)
      .then(hit => hit || fetchAndStore(e.request))
  );
});
```

म्हणजे आधी साठवलेलं बघ, नसेल तरच सर्व्हरकडे जा आणि आलेलं साठवून ठेव, हे शेवटचं काम `fetchAndStore` हे माझं छोटं फंक्शन करतं. लोगो आणि स्टाइलच्या फाइलींसाठी हे उत्तम आहे. पण मी ते सगळ्याच पानांना लावलं होतं, मार्कांच्या पानाला सुद्धा.

ऑगस्टमध्ये एका वडिलांचा फोन आला. त्यांची दोन मुलं क्लासला, मोठा बारावीत आणि धाकटी नववीत, दोघांना एकच नंबर. ते म्हणाले मुलीच्या पानावर मुलाचे मार्क दिसतायत. मॅडमनी मला कळवलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं डेटाबेसमध्ये नोंद चुकली, तास-दोन तास तिथेच शोधत बसले, सगळं बरोबर होतं. माझ्या लॅपटॉपवर त्यांचं लॉगिन करून बघितलं तर तिथे पण बरोबर. बरोबर का दिसत होतं ते नंतर कळलं, मी टेस्टिंग करताना सवयीने शिफ्ट धरून रीलोड करते, आणि तसं केलं की ब्राउझर सर्व्हिस वर्करला बाजूला ठेवून थेट सर्व्हरकडे जातो. त्यामुळे माझ्याकडे ही चूक कधी दिसलीच नसती.

सापडलं ते सर्व्हरच्या लॉगमध्ये. वडील म्हणाले होते सकाळी साडेनऊला बघितलं, आणि लॉगमध्ये त्या वेळी त्यांच्या नंबरच्या लॉगिनने मार्कांच्या पानाची मागणीच नव्हती. पान बघितलं आणि सर्व्हरला कळलंच नाही, म्हणजे ते फोनमधूनच आलं. मग क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये साधं रीलोड करून बघितलं तर साइझच्या रकान्यात `(ServiceWorker)` लिहून येत होतं. कारण सरळ होतं, दोन्ही मुलांच्या मार्कांच्या पानाचा पत्ता एकच, `/marks`, कोणतं मूल निवडलंय ते सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरकडच्या तात्पुरत्या नोंदीत. पहिल्यांदा मोठ्याचं पान उघडलं, ते `/marks` नावाने साठवलं गेलं, आणि धाकटीला निवडलं तरी तेच मिळालं. याचा दुसरा अर्थ जास्त गंभीर होता, की एका फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्या मुलाने लॉगिन केलं तर त्याला पहिल्याचे मार्क दिसू शकत होते. आणि नवीन टेस्टचे मार्क लागले तरी काही पालकांना जुनेच दिसत होते, ते बिचारे "अजून लागले नाहीत" समजून गप्प बसले होते.

दुरुस्ती अशी की सर्व्हिस वर्करने फक्त न बदलणाऱ्या फाइलींना हात लावायचा, बाकी कशातही पडायचं नाही:

```js
self.addEventListener('fetch', e => {
  const url = new URL(e.request.url);
  if (!url.pathname.startsWith('/static/')) return;
  e.respondWith(
    caches.match(e.request)
      .then(hit => hit || fetchAndStore(e.request))
  );
});
```

`return` केलं की ब्राउझर नेहमीसारखा सर्व्हरकडे जातो. वेळापत्रकाचं पान `/static/` खाली नेलं कारण त्यात कोणाची खाजगी माहिती नाही, आणि त्याच्यासाठी वर न दाखवलेली वेगळी अट टाकून उलटा क्रम लावला, आधी नेट, नेट नसेल तरच साठवलेलं. मार्क ऑफलाइन दिसत नाहीत आता, आणि ते तसंच बरोबर आहे. शिवाय मुलाचा आयडी पत्त्यातच आणला, आणि तो त्या पालकाचाच आहे का हे सर्व्हरवर तपासायचं.

पण ज्यांच्या फोनमध्ये जुना सर्व्हिस वर्कर बसलाय त्यांचं काय? नवीन फाइल आली तरी उघडी असलेली सगळी पानं बंद होईपर्यंत जुनाच काम करत राहतो आणि नवीन थांबून राहतो. म्हणून नवीन फाइलमध्ये `skipWaiting()` टाकलं, सुरू होताना जुनं साठवलेलं सगळं पुसायचं आणि उघडं पान पुन्हा लोड करायचं. पोर्टल एकदा उघडलं की दुरुस्त. त्याच संध्याकाळी ग्रुपवर सरांनी खरं काय झालं ते लिहून सगळ्यांना एकदा लिंक उघडायला सांगितलं, आणि त्या वडिलांना मी स्वतः फोन केला. हीच चूक ॲपमध्ये असती तर दुरुस्त आवृत्ती स्टोअरच्या तपासणीतून जाऊन मग ज्यांनी अपडेट केलं त्यांच्यापुरती सुटली असती, आणि ज्यांचा फोन भरलेलाय ते अपडेट करत नाहीत. अर्थात ॲपमध्ये मी हे सर्व्हिस वर्करचं केलंच नसतं हे पण तितकंच खरं.

वेबसाइट जिथे कमी पडली ते पण सांगायला हवं. सरांना एमएचटी-सीईटीसाठी रेकॉर्ड केलेली लेक्चर द्यायची होती, मुलांनी क्लासमधल्या वायफायवर डाउनलोड करून घरी बघायची, आणि ती दुसरीकडे पसरू नयेत. हे वेबसाइटवर नीट होत नाही. मोठे व्हिडिओ ब्राउझरमध्ये साठवून ठेवणं भरवशाचं नाही, जागा कमी पडली की ब्राउझर साठवलेलं पुसू शकतो, आणि स्क्रीन रेकॉर्डिंग अडवायची सोय वेबसाइटला नाही, अँड्रॉइड ॲपला आहे. या क्लासचा मुख्य धंदा व्हिडिओ असता तर मी स्वतःच ॲप करा म्हणाले असते. पण इथे मुलं रोज समोर येऊन बसतात, व्हिडिओ वर्षाला दहा-बारा, म्हणून तेवढे ऑफिसच्या पेन ड्राइव्हवरून द्यायचे ठरलं, पसरायची भीती सरांनी मान्य केली.

आणि ॲडमिशनचा प्रश्न उरलाच होता, पालक विचारतात ॲप आहे का. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही तीच वेबसाइट ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी म्हणून प्ले स्टोअरवर टाकली. यात ॲप म्हणजे फक्त एक पातळ कव्हर असतं, आत क्रोम आपलीच वेबसाइट पत्त्याच्या पट्टीशिवाय दाखवतो. बबलरॅप नावाचं टूल आहे, ते वेबसाइटच्या मॅनिफेस्टवरून, म्हणजे नाव, आयकॉन वगैरे लिहिलेल्या फाइलवरून, हे बनवून देतं. अकाउंट सरांच्या नावावर, १२ टेस्टर म्हणजे शिक्षक, मॅडम, दादा, मी आणि काही पालक, १४ दिवस कोणी बाहेर पडू नका म्हणून सर रोज ग्रुपवर आठवण करत होते.

लाँच झाल्यावर ॲप उघडलं तर वर पत्त्याची पट्टी दिसतेय. माझ्या फोनवर टेस्ट केलं तेव्हा नव्हती. कारण असं की वेबसाइटवर `/.well-known/assetlinks.json` अशी एक फाइल ठेवावी लागते, त्यात ॲपच्या डिजिटल सहीचा ठसा असतो, तो जुळला तरच क्रोम पट्टी काढतो. मी माझ्या लॅपटॉपवरच्या, सही करायच्या किल्लीचा ठसा टाकला होता, पण प्ले स्टोअर आपण चढवलेलं ॲप लोकांना देताना स्वतःच्या किल्लीने पुन्हा सही करतं. तो ठसा प्ले कन्सोलमध्ये ॲप सायनिंगच्या पानावर मिळतो. फाइलमध्ये दोन्ही ठसे टाकले आणि पट्टी गेली.

आता ॲडमिशनला आलेल्या पालकांना सर फोन काढून प्ले स्टोअरवर क्लासचं नाव दाखवतात, आणि ज्याला टाकायचंय तो टाकतो. लॉगमध्ये बघितलं तर सगळ्या घरांपैकी ४० च्या आसपास तिथून येतात, बाकीचे अजून ग्रुपवरच्या लिंकवरूनच. कव्हर दरवर्षी नवीन अँड्रॉइडला धरून पुन्हा बांधावं लागणार, बबलरॅपने ते अर्ध्या तासाचं काम आहे, पण किल्लीची फाइल आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे होते ते गेल्या आठवड्यात सरांच्या कपाटात एका पेन ड्राइव्हवर ठेवून आले, सोबत कागदावर सगळ्या पायऱ्या लिहून.